पंपाचा कॅटलॉग फोटो काढण्याआधी

एंड सक्शन पंप, मोटर आणि बेसप्लेट असा पूर्ण संच बेमध्ये उभा करायचा, तर पुसापुशी, रंगाचे टचअप, जमिनीवरचं तेल हे वेगळं सांगायला नको. पहिलं काम कपलिंग गार्डचं. अलाइनमेंटसाठी डायल गेज लावताना तो काढतात, रॅकवर ठेवतात आणि तिथेच विसरतात. उघडं कपलिंग दिसलं की निर्यातीचं गिऱ्हाईक लगेच शंका काढतं. युरोपच्या नियमांत कायम बसवलेला गार्ड अवजाराशिवाय निघता कामा नये, म्हणून त्याचे सगळे बोल्ट आवळलेले असू द्या. नुसता वर ठेवलेला गार्ड फोटोत तिरका दिसतो. नंतर संगणकावर चिकटवायचा विचारही नको, सावली आणि बोल्ट जुळत नाहीत.

आता पाइप. 65-200 पंप घ्या: डिलिव्हरी 65, सक्शन 80, इंपेलरचा नाममात्र व्यास 200 मिमी. सक्शनची लाइन 100 ची असेल तर पंपाजवळ एक्सेंट्रिक रिड्यूसर लागतो, आणि आडव्या लाइनवर त्याची सपाट बाजू वर हवी. उलटा बसवला की वरच्या फुगवट्यात हवा साठते, पंप पाणी सोडतो. फोटोतला फरक बोटभर असतो, पण पंप बसवणाऱ्याला तो लांबूनही कळतो. डिलिव्हरीवर आधी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, मग स्लूस व्हॉल्व्ह. पाइपाला स्वतःचा आधार द्या. पंपाच्या फ्लँजवर लोंबणारी लाइन हा दोषच आहे. फ्लँजवरची प्लॅस्टिकची झाकणं आणि स्टिकर काढा.

मोटरला दोन अर्थिंग पट्ट्या, टर्मिनल बॉक्सला केबल ग्लँड. नुसतं भोक दिसू देऊ नका.

आणि गार्ड? बसवला ना? पाइप जोडताना कोणीतरी परत काढलेला असतो, पुन्हा बघा.

फिरण्याचा बाण ड्राइव्हच्या बाजूने पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेनेच असायला हवा. पान जुळवणारा माणूस जागा भरायला फोटो आरशासारखा उलटवतो, मग बाण खोटा ठरतो आणि केसिंगवरची ओतीव अक्षरं उलटी होतात. त्याला आधीच बजावून ठेवा. दुसरी बाजू हवी असेल तर कॅमेरा फिरवा.

कॅमेरा पंपाच्या शाफ्टच्या उंचीपेक्षा थोडा वर, फुल फ्रेमवर 70 ते 100 मिमीची लेन्स, तीन-चार मीटर लांबून. वाइड लेन्सने बेसप्लेट वाकडी दिसते. ट्यूबलाइट आणि छतातून येणारा दिवसाचा उजेड एकत्र नको, राखाडी रंग निळा-पिवळा येतो. नेमप्लेटवरचा अनुक्रमांक झाका. ट्रायपॉड, एफ 11, ग्रे कार्ड. कपलिंग गार्ड.