कुंडीतल्या मिरचीचा शेंडा केव्हा आणि कुठे खुडावा

नागपुरात गच्चीवर मिरची लावणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: झाड उंच गेलं, एकटं सरळ वाढलं, वर चार फुलं आली आणि वाऱ्यात कललं. बहुतेक वेळा याचा उपाय खतात नसतो. रोप वीतभर असताना शेंडा खुडला असता, तर हेच झाड बुटकं आणि दाट झालं असतं.

आधी मिरचीची वाढ कशी होते ते बघा. रोप सुरुवातीला एकच खोड काढतं. त्या खोडावर फुलं येत नाहीत, फक्त पानं येतात. ठरावीक उंचीवर खोडाला इंग्रजी वाय अक्षरासारखी बेचकी फुटते आणि त्या बेचक्यात पहिली कळी बसते. पुढे प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते आणि तिथे पुन्हा कळी येते. म्हणजे जितकी बेचकी तितकी फुलं. वाढणारा शेंडा खालच्या पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतो. तो काढला की तीन-चार डोळे एकदम जागे होतात आणि प्रत्येक फुटवा आपापली बेचकी काढत जातो. या बदल्यात पहिलं फूल दोन-तीन आठवडे उशिरा येतं, हे मात्र धरून चला.

कोणतं रोप, कोणती वेळ

रोप 15 ते 20 सेंटीमीटर उंच असावं आणि त्याला आठ-दहा खरी पानं असावीत. उगवताना आलेली पहिली दोन बीजपत्रं यात मोजायची नाहीत. पुनर्लागवडीनंतर रोप रुजल्याशिवाय हात लावू नका. नवीन पान उघडताना दिसलं की ते रुजलं समजा, याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. बेचकी फुटून त्यात कळी दिसत असेल, तर शेंडा खुडण्याची वेळ टळली. अशा रोपाची फक्त ती पहिली कळी काढा. तसंच, ज्या जाती आपणहून खालूनच झुडपासारख्या फुटतात त्यांना खुडण्याची गरज नसते. ज्वाला किंवा भिवापुरीचं रोप सरळ वर जात असेल, तर मात्र जरूर खुडा.

दिवस कोरडा आणि वेळ सकाळची निवडा. पावसात ओल्या जखमेवर बुरशी बसते आणि फांदी टोकाकडून तपकिरी पडत खाली वाळत येते. हात साबणाने धुवा. खर्रा किंवा तंबाखू मळणाऱ्यांनी तर न चुकता धुवा, कारण तंबाखूतला मोझॅक विषाणू बोटांवरून मिरचीत जातो. मग पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे उमटतात आणि त्यावर औषध नाही.

खुडायचं कसं

खालून पाच किंवा सहा खरी पानं मोजा. त्या पानाच्या वर अर्धा सेंटीमीटर खोड ठेवून त्यापुढचा भाग नखाने किंवा स्वच्छ कात्रीने काढा. पानाच्या अगदी चिकटून कापलं तर बगलेतला डोळा दुखावतो. खोड फार लांब ठेवलं तर ते वाळतं.

आठवडाभरात पानांच्या बगलेत मोहरीएवढे हिरवे डोळे दिसतात. ते बोटभर झाले की निवड करा: चार बाजूंना जाणारे जोमदार तीन-चार फुटवे ठेवा आणि मातीला टेकणारे खालचे काढा, कारण पावसात मातीचे शिंतोडे त्यांच्यावरच उडतात. याच वेळी 12 इंची कुंडीत दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. युरिया टाकू नका. तो दिला की पानं काळपट हिरवी आणि मोठी होतात आणि कळ्या मागे पडतात.

कधी कधी सर्वांत वरचा एकच फुटवा धावतो आणि बाकीचे थांबतात. तेव्हा त्या धावणाऱ्या फुटव्याचाही शेंडा दोन पानांवर खुडा, म्हणजे बाकीचे पुढे येतात. पण पुन्हा पुन्हा खुडत बसू नका. 12 इंची कुंडीतली मुळं मर्यादित फांद्याच पोसू शकतात. जास्त फांद्या झाल्या की फुलं येतात आणि गळतात.

एका रोपाचं वेळापत्रक

समजा, जूनच्या सुरुवातीला बी टाकलं आणि 15 जुलैच्या आसपास रोप कुंडीत लावलं. तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस उघडलेली सकाळ पाहून शेंडा काढा. ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुटवे निवडा. त्यांना बेचकी फुटून सप्टेंबरमध्ये कळ्या दिसतील आणि फुलापासून तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, हिरवी मिरची तोडायला मिळेल. ऑगस्ट संपल्यावर शेंडा खुडू नये. तेव्हा खुडलं तर फुलोरा थंडीत ढकलला जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत फळधारणा मंदावते.

जुन्या झाडाची छाटणी

मिरची कुंडीत दुसऱ्या वर्षीही फळते, पण नागपूरचा उन्हाळा तिला सहन करू द्यावा लागतो. मार्च ते मे या काळात जोराची छाटणी करू नका. फक्त वाळलेल्या काड्या काढा. पानांची सावली गेली की उघड्या फांद्या उन्हाने भाजतात. एप्रिल-मेमध्ये फुलं गळाली तरी घाबरून कात्री चालवू नका, कारण पारा 35 अंशांच्या वर गेला की मिरचीची फुलं गळतातच. कुंडी हिरव्या शेडनेटखाली ठेवा आणि झाड फक्त जगवा.

खरी छाटणी पहिले चांगले पाऊस पडल्यावर, जूनच्या उत्तरार्धात करायची. आधी खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवं असेल तिथपर्यंत फांदी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेली आहे. मुख्य फांद्या दोन-तीन डोळे राखून कापा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, थोडा तिरपा घ्या, म्हणजे पाणी साचत नाही आणि नवी फांदी झाडाच्या आत शिरत नाही. वरची दोन-तीन इंच माती काढून तिथे शेणखत मिसळलेली नवी माती भरा. उघड्या झाडाला पानं नसल्यामुळे पाणी कमी लागतं. रोजच्यासारखं ओतत राहिलात तर मुळं कुजतात, म्हणून माती वरून कोरडी वाटल्यावरच द्या.

दहा-पंधरा दिवसांत कोवळी फूट येते आणि फुलकिड्यांना नेमकी तीच आवडते. पानं वरच्या बाजूला वळून नावेसारखी होऊ लागली तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा आणि आठवड्याने पुन्हा फवारा. पण नवी फूट सगळीच बारीक, गुच्छासारखी आणि चुरगळलेली येत असेल तर तो चुरडामुरडा आहे. छाटणीने तो जात नाही, पांढरी माशी त्याच झाडावरून शेजारच्या कुंडीत नेते. असं झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाका.