सैनिकाच्या बायकोचं बहिणीला पत्र : या चुका टाळा

इतिहासाच्या वहीत हा प्रश्न हमखास येतो. ‘दीर्घ युद्धाच्या काळात सैनिकाच्या पत्नीने बहिणीला लिहिलेले पत्र तयार करा.’ मुलं पहिलं महायुद्ध निवडतात, सातारा जिल्ह्यातलं गाव घेतात, नवऱ्याला मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवतात. इथवर उत्तम. पुढे मात्र पत्रातली बाई इतिहासाच्या पुस्तकासारखी बोलायला लागते.

एका मुलीच्या कच्च्या मसुद्यातली ही वाक्यं पाहा. तारीख मे 1916: ‘प्रिय ताई, पहिल्या महायुद्धाने सर्वांचे हाल केले आहेत. सुरेश कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकला होता. तिथे सैनिकांना घोड्याचे मांस दिले जात होते. आता तुर्कांनी त्यांना कैद करून रेल्वेच्या कामाला लावले आहे.’

माहिती बरीचशी खरी आहे. इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिथल्या कूत गावात अडकल्या, वेढा डिसेंबर 1915 मध्ये पडला आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. घोड्याचं मांस, कैद्यांकडून रेल्वेचं काम, हेही खरं. पण गावातल्या बाईला मे महिन्यात यातलं काय ठाऊक असणार? वेढा पडल्यापासून आतल्या शिपायाची पत्रं घरी येणं थांबलेलं. शरणागतीची बातमी गुरुजींनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवली असेल, तेवढीच. कैद्यांचं पुढे काय झालं ते फार नंतर कळलं, अनेक घरांना कधीच कळलं नाही. म्हणून आधी तारीख ठरवा आणि त्या दिवशी तिला काय कळलेलं असेल तेवढंच लिहा. कूतमध्ये नवऱ्याचं काय झालं हे तिला माहीत नसणं, हाच तुमच्या पत्राचा विषय आहे.

‘पहिलं’ हा शब्द तर काढाच. दुसरं होईपर्यंत पहिलं सहसा कुणी म्हणत नव्हतं. गावात जर्मनची लढाई म्हणत. आणि ‘सुरेश’? बाई नवऱ्याचं नाव उच्चारत नसे. ‘हे’, ‘यांचं’, ‘घरची माणसं’ एवढ्यावरच भागे.

आता सगळ्यात मोठी चूक, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. त्या काळी अशा घरातल्या बहुतेक बायकांना लिहिता येत नसे. ती सांगणार, शाळेचे गुरुजी किंवा दिराचा शिकलेला मुलगा लिहिणार. मुंबईत चाळीत राहणाऱ्या बहिणीलाही कुणीतरी वाचून दाखवणार. म्हणजे दोन बहिणींच्या मध्ये दोन परकी माणसं बसलेली. त्यात एका पैशाचं कार्ड असेल तर वाटेत कुणीही वाचू शकतं. अशा पत्रात ‘रात्री त्यांच्या आठवणीने उशी भिजते’ हे वाक्य येणार नाही. दु:ख लपलं पाहिजे, आणि लपलेलं दिसलंही पाहिजे.

काही मुलं मजकुरावर काळ्या शाईचे पट्टे ओढून ‘सेन्सॉर’ लिहितात. दिसायला छान दिसतं. पण लष्कराची तपासणी आघाडीवर येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांची होती. साताऱ्याहून मुंबईला बहिणीला धाडलेल्या कार्डावर तसले पट्टे कशाला? अक्षराची नक्कल करायची असेल तर आणखी एक: हाताने लिहायची लिपी तेव्हा मोडी होती. देवनागरीत लिहिलंत तर चालेल, पण उद्गारचिन्हांची रास ओतू नका.

तोच मसुदा मी असा करून दाखवला:

‘श्री. वैशाख, शके 1838. तीर्थरूप सौ. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडील सर्व खुशाल. मागल्या दिवाळीनंतर यांचे पत्र नाही. गुरुजींनी पेपरात वाचले की कूत गाव पडले, आपले लोक तुर्कांनी धरले. त्यात नावे दिली नव्हती. भावोजींच्या गिरणीत पलटणीतून परत आलेला कोणी असेल तर 110 नंबरच्या पलटणीची चौकशी करावी. रॉकेल फार महाग झाले, सांजेला लवकर निजतो. धाकटा आता चालतो, यांनी त्याला अजून पाहिले नाही. सासूबाई म्हणतात, पत्र येईल. बाकी मजकूर समक्ष भेटीत.’

‘बाकी मजकूर समक्ष भेटीत’ हे जुन्या पत्रांतलं ठरलेलं वाक्य. गुरुजींसमोर जे सांगता आलं नाही ते सगळं त्यात आहे. त्या मुलीने विचारलं, ‘सर, मग रडायचं कुठे?’ मी म्हटलं, रॉकेलच्या ओळीत.