'जग बदल घालुनी घाव' : माझा फसलेला निबंध आणि नंतरचं वाचन

एम.ए.च्या पहिल्या वर्षी अण्णा भाऊ साठे यांच्या 'जग बदल घालुनी घाव, सांगून गेले मला भीमराव' असं ध्रुवपद असलेल्या या गीतावर मी सहा पानी निबंध लिहिला. चवदार तळ्यापासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंत सगळं त्यात होतं. बाईंनी समासात एकच ओळ लिहून तो परत दिला : "यातल्या कवितेच्या ओळी खोडल्या तरी निबंध जसाच्या तसा उभा राहतो." खोडून पाहिल्या. खरंच उभा राहिला. प्रतिकाराच्या कवितेवर लिहिलेलं काहीही तपासायला मी आजही हीच चाचणी वापरते.

मग मी उलट्या बाजूला गेले. 'घाव, भीमराव, धाव, साव, नाव' अशी यमकं मोजली, मात्रा मोजल्या. तेही कोरडंच निघालं. कुठून सुरुवात करायची ते एका शब्दाने दाखवलं, तो शब्द म्हणजे 'बिनी'.

गुलामगिरीच्या या चिखलात
रुतून बसला का ऐरावत
अंग झाडुनि निघ बाहेरी
घे बिनीवरती धाव

बिनी म्हणजे फौजेची आघाडी. 'बिनीचा शिलेदार' आपण सहज म्हणतो, पण इथे मी तो शब्द ओलांडून पुढे गेले होते. कोश उघडल्यावर कडव्याची चाल दिसली : चिखलात रुतलेला हत्ती चार ओळींत थेट फौजेच्या तोंडाशी पोचतो. आणि हत्ती तरी कोणता, इंद्राचा ऐरावत! पिचलेल्या माणसासाठी किडा-मुंगीची प्रतिमा सहज सुचली असती. इथे बळ आधीपासून आहे असं धरूनच विचारलंय, "रुतून बसला का?" त्या 'का'मध्ये कीव नाही, जरा दरडावणीच आहे. देव येऊन हत्तीला सोडवतो ती गजेंद्राची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इथे मात्र अंग त्यानेच झाडायचंय. (गजेंद्र म्हणजे ऐरावत नव्हे, हे मला माहीत आहे. पण पुढच्याच कडव्यात मगर येते, तेव्हा ती गोष्ट मनातून जात नाही. पटलं नाही तर सोडून द्या.)

एवढं वाचून झाल्यावरच मी संदर्भाकडे वळले, तोही शब्दाने मागितला तेवढाच. पुढे येतं : 'धनवंतांनी अखंड पिळले, धर्मांधांनी तसेच छळले.' कवीचं चरित्र इथे कामाला येतं. अण्णा भाऊ 1920 साली वाटेगावात मातंग कुटुंबात जन्मले, मुंबईत कम्युनिस्ट चळवळीत वाढले, अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात शाहिरी केली. पैशाची पिळवणूक आधी की जातीचा छळ आधी, हा वाद त्यांच्या भोवती सतत चालू होता. त्यावर ते भाषण देत नाहीत. दोन शत्रूंना एकाच मापाच्या दोन ओळी देतात, 'पिळले'ला 'छळले' जुळवतात आणि मध्ये 'तसेच' ठेवतात. धनवंत आधी आले म्हणून मी पूर्वी 'अण्णा भाऊ वर्ग आधी मानतात' असं ठोकून दिलं होतं. आता तसं लिहिणार नाही. क्रम एक सांगतो, यमक दुसरं सांगतं, दोन्ही नोंदवायचं. क्रियापदं मात्र वेगळी आहेत. ऊस पिळतात, त्यातून रस काढून घेतात. छळतात ते माणसाला. दोन अन्यायांचा फरक या दोन धातूंत आलाय.

तारखांचा मोह आवरा. 'सांगून गेले' यातल्या 'गेले'मुळे 6 डिसेंबर 1956 ही तारीख आठवतेच, आणि ती आठवायलाही हवी. पण ओळीत शोक किती थोडा आहे ते पाहा. बाबासाहेब गेले ही बातमी 'सांगून'च्या मागे लपलेली आहे, पुढे आहे तो आदेश. 'भीमराव' हे नाव ध्रुवपदाच्या टोकाला, नेमकं 'घाव'च्या यमकावर पडतं. घाव कशाचा, घणाचा की छिन्नीचा, हे कवी सांगत नाही. मी निबंधात 'क्रांतीचा घाव' असं लिहून तो मिटवून टाकला होता.

आणखी एक सवय लागली : गाणं आधी म्हणून पाहायची. डोळ्यांनी वाचताना 'आरूढ' आणि 'चल बा पुढती' शेजारी शेजारी आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका श्वासात पोथीतला शब्द आणि गावातली हाक. छापील प्रतींत 'मला' आणि 'मज' असे पाठभेद दिसतात, तेही म्हणताना कळतात. कोणती प्रत वापरली ते निबंधात लिहा, नाहीतर मात्रांवरची चर्चा हवेत राहते.

'मला'चं कोडं मात्र पुस्तकात सुटलं नाही. भीमराव मला सांगून गेले, मग 'निघ बाहेरी' कोण कोणाला म्हणतंय? भीमराव मला, की मी दुसऱ्याला? पुढे आमच्या वस्तीत 14 एप्रिलच्या रात्री हे गाणं ऐकलं. गायकाने ध्रुवपद सोडलं आणि समोरच्या दोनशे जणांनी उचललं. प्रत्येकजण 'मला' म्हणत होता, आणि हात शेजारच्याकडे करून.