मृगाआधी दोन पोती कुटार झाकून ठेवा: घरच्या ओल्या कचऱ्याचं खत

पावसाळ्यात घरचा खताचा ड्रम सडतो, तो एकाच कारणाने. ओला कचरा रोज पडतो आणि कोरडं काहीच पडत नाही. पहिल्या पावसानंतर कोरडं शोधायला जाल तर खळ्यावरचं कुटार भिजलेलं असतं. म्हणून ड्रमच्याही आधी सोयाबीनचं दोन पोती कुटार आजच गोठ्यात किंवा पडवीत झाकून ठेवा.

ड्रमची तयारी:
- 100 लिटरचे झाकणाचे जुने दोन ड्रम, कीटकनाशकाचे नकोत
- तापवलेल्या सळईने बोटाएवढी भोकं: बुडाला दहा, बाजूंनी वीतभर अंतरावर
- खाली चार विटा, वर पत्रा
- तळाला वीतभर पऱ्हाट्यांचे तुकडे, त्यावर दोन ओंजळी शेणखत

जनावरांना घालून उरलेला कचरा चार-पाच माणसांच्या घरात दिवसाला अर्धा किलो धरा, म्हणजे साधारण एक तांब्या. त्यावर दोन तांबे कुटार. हे माप चुकवू नका. साली-देठांतलं पाणी सुटलं की कचरा चिकटून बसतो, आत हवा जात नाही आणि आंबूस वास सुटतो. कुटारामुळे मधे पोकळी राहते. मुठीत दाबून बघा: एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर कुटार वाढवा. मुंग्या झाल्या तर ड्रम कोरडा पडला असं समजून तांब्याभर पाणी शिंपडा. हा शेतातला अंदाज आहे, पण सहसा खरा ठरतो.

वास सुटलाच तर ड्रम फेकू नका. सगळं गोणपाटावर ओता, गोळे फोडा, दोन टोपली कुटार मिसळा आणि परत भरा. तीन-चार दिवसांत वास जातो.

दुकानदार कल्चरचं पाकीट पुढे करतील. कंपोस्ट कल्चरची शिफारस टनाला 1 किलो आहे. तुमच्या ड्रममध्ये दोन महिन्यांत 30 किलो कचरा जाईल, म्हणजे लागेल 30 ग्रॅम. त्यापेक्षा पाण्यात कालवलेलं अर्धा किलो ताजं शेण पुरतं.

21 दिवसांत खत होतं, यावर विसंबू नका. मृगात सुरू केलेला ड्रम ऑगस्टच्या सुरुवातीला भरेल. मग कचरा दुसऱ्या ड्रममध्ये टाका आणि पहिला आठ दिवसांनी एकदा हलवत अडीच महिने ठेवा. खत दिवाळीच्या सुमारास हाती येईल, दहा-बारा किलो. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. साल ओळखू येत असेल तर अजून पंधरा दिवस थांबा.

एवढ्याशा ड्रममध्ये उष्णता धरत नाही, बी मरत नाही. म्हणून रोगट पाला आणि तणाचं बी टाकू नका. टमाटर-भोपळ्याची रोपं उगवली तर उपटून त्यातच दाबा. वांगी-मिरचीच्या बुडाशी दोन मुठी खत मातीत मिसळून द्या, नुसतं वर पसरू नका. उन्हात ते वाळून जातं.