उजवीकडून तुलना करणारा शोध: बॉयर-मूर लिहिताना या चुका टाळा

रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांनी 1977 साली मांडलेली मजकुरात शोध घेण्याची पद्धत अशी: शोधायचा शब्द, म्हणजे पॅटर्न, मजकुराखाली धरायचा, पण तुलना उजव्या टोकापासून सुरू करायची. अक्षर जुळले नाही, की मजकुरातले ते अक्षर पॅटर्नमध्ये शेवटचे कुठे येते हे तक्त्यात पाहायचे आणि ती जागा त्या अक्षरासमोर येईल इतका पॅटर्न पुढे सरकवायचा. ते पॅटर्नमध्ये नसेलच, तर पूर्ण पॅटर्न त्याच्या पलीकडे न्यायचा. संपूर्ण पद्धतीत जुळलेल्या शेपटीचा वेगळा नियमही आहे, पण बरेच जण फक्त हा तक्ता वापरतात आणि गडबड तिथेच होते.

सर्वात जास्त दिसणारी तक्रार म्हणजे प्रोग्राम अडकतो. प्रोसेसर शंभर टक्के चालू असतो, मेमरी वाढत नाही, उत्तर येत नाही. `prasanna pavana` या मजकुरात `pavana` शोधून पाहा. मोजणी शून्यापासून केली तर पॅटर्नमध्ये `p` शेवटचा 0 वर, `v` 2 वर, `n` 4 वर आणि `a` 5 वर आहे. सरक म्हणजे `j - last[c]`, इथे `last` हा तो तक्ता, `j` ही पॅटर्नमधली न जुळलेली जागा आणि `c` हे तिच्यासमोरचे मजकुरातले अक्षर.

पॅटर्न 0 वर असताना टोकाच्या `a` समोर मजकुराचा `n` येतो. 5 − 4, म्हणून एक घर पुढे. 1 वरही तेच होते. 2 वर मात्र `a` जुळतो, `n` जुळतो आणि मग पॅटर्नच्या 3 क्रमांकाच्या `a` समोर पुन्हा `n` उभा राहतो. आता सरक 3 − 4, म्हणजे उणे एक. पॅटर्न मागे 1 वर जातो, तिथून पुन्हा 2 वर येतो आणि हे कधीच थांबत नाही. अक्षराची शेवटची जागा न जुळलेल्या जागेच्या उजवीकडे असली की सरक उणे येणारच. म्हणून किमान एक घर पुढे जाण्याची अट सुरुवातीपासूनच घाला; `t` हा मजकूर आणि `i` ही पॅटर्नची मजकुरातली सध्याची जागा:

```c
int shift = j - last[(unsigned char)t[i + j]];
i += shift > 1 ? shift : 1;
```

आता 2 वरून पॅटर्न 3 वर येतो, टोकाशी मोकळी जागा येते, ती पॅटर्नमध्ये नाही, म्हणून सहा घरांची उडी बसते आणि 9 वर `pavana` सापडतो. ही सहाची उडी मिळाली, कारण पॅटर्नमध्ये नसलेल्या अक्षरांसाठी `last` मध्ये −1 भरलेले आहे. तक्ता शून्यांनी भरला तर उडी पाचच घरांची बसेल. उत्तर तरीही बरोबर येते, म्हणून ही चूक चाचणीत लपून राहते आणि शोध उगाच मंदावतो.

त्याहून घातक चूक म्हणजे दोन पद्धतींची सरमिसळ. हॉर्सपूल यांनी 1980 मध्ये मांडलेल्या बॉयर-मूरच्या सोप्या रूपात सरक नेहमी पॅटर्नच्या टोकासमोरच्या मजकुरातल्या अक्षरावरून काढतात आणि तक्ता भरताना पॅटर्नचे शेवटचे अक्षर वगळतात. तो तक्ता थेट टोकापासूनचे अंतर देतो. ते अंतर मधल्या न जुळलेल्या अक्षराला लावले, तर उडी जास्त होते. `abaaa` मध्ये `baaa` शोधा: दोन `a` जुळतात, मग 1 क्रमांकाच्या `a` समोर `b` येतो. योग्य सरक 1 − 0 म्हणजे एक घर, आणि तिथेच उत्तर आहे. हॉर्सपूलचा आकडा मात्र 3 सांगतो आणि उत्तर ओलांडले जाते. इथे प्रोग्राम अडकत नाही, कोसळतही नाही. फक्त ‘सापडले नाही’ म्हणतो. म्हणून फक्त `a` आणि `b` ची छोटी यादृच्छिक वाक्ये तयार करून प्रत्येक उत्तर साध्या, एकेक घर सरकणाऱ्या शोधाशी ताडून पाहा. इंग्रजी परिच्छेदांवर ही चूक सहसा उघडी पडत नाही.

मराठी मजकुरावर आणखी एक अडचण येते. UTF-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट असतात आणि तिन्ही 127 च्या वर. x86 वर C मधला `char` सहसा चिन्हांकित असतो, त्यामुळे `0xE0` चा निर्देशांक −32 होतो आणि तक्त्याबाहेरची मेमरी वाचली जाते. ARM लिनक्सवर `char` सहसा चिन्हविरहित असल्याने तोच कोड तिथे नीट चालतो. ‘माझ्या मशीनवर बरोबर येते’ असे कोणी म्हणाले, तर आधी हे तपासा. वरच्या कोडमधले `(unsigned char)` याचसाठी आहे. तक्ता भरतानाही ते हवेच.

हे सुधारल्यावरही वेग मिळेलच असे नाही. ‘कमल’ चे बाइट `E0 A4 95 E0 A4 AE E0 A4 B2`. मजकुरातला ‘त’ म्हणजे `E0 A4 A4`. तो ‘ल’ समोर आला, की न जुळलेला बाइट `A4`. पॅटर्नमध्ये तो शेवटचा 7 वर, म्हणून सरक फक्त एक बाइट. पुढचे चिन्हही देवनागरी असेल तर टोकाशी `E0` येतो आणि सरक दोन बाइट. दोन्ही मिळून एकच अक्षर पुढे. अक्षरांच्या कोडपॉइंटवर तक्ता बांधला असता, तर ‘त’ पॅटर्नमध्ये नसल्याने एकदम तीन अक्षरांची उडी मिळाली असती. युनिकोडची सगळी चिन्हे मावणारा तक्ता नको असेल तर कोडपॉइंटला 256 ने भागून उरलेली बाकी निर्देशांक म्हणून घ्या आणि डावीकडून उजवीकडे भरा. दोन चिन्हे एकाच खान्यात आली, तर उजवीकडची जागा टिकते. उडी थोडी लहान होते, पण उत्तर चुकत नाही.