मेक की डू, हेवी की स्ट्राँग? नवीन आलात तर हे बघून ठेवा

इकडे इंग्रजी बोलणाऱ्या देशात नवीन आलेल्या आपल्या लोकांचं इंग्रजी ग्रामर सहसा बरं असतं, काळबिळ शाळेत घोटून झालेले असतात, पण ईमेलची दोन वाक्यं वाचली की कळतं माणूस मनात मराठीत बोलतोय. अडतं शब्दांच्या जोड्यांत. आपल्याकडे एकटं ‘करणं’ सगळीकडे पुरतं, चूक करतो, फोन करतो, अभ्यास करतो, तक्रार करतो, पण इंग्रजीत हीच कामं मेक आणि डू मध्ये वाटलेली आहेत आणि कोणतं कुठे लागणार ते पुढचं नाम ठरवतं.

ढोबळ अंदाज असा की जे काम नेमून दिलंय किंवा उरकायचंय तिथे डू लागतं: डू द लाँड्री, डू द शॉपिंग, डू द पेपरवर्क. जे आधी नव्हतं आणि तुमच्या बोलण्याने किंवा ठरवण्याने तयार झालं तिथे मेक: मेक अ कॉल, मेक अ कंप्लेंट, मेक अ प्रॉमिस, मेक अ सजेशन. बोलण्यातून निघणाऱ्या गोष्टी बहुतेक मेककडे जातात, एवढं लक्षात ठेवलं तरी ऑफिसचं बरंच काम भागतं. अपवाद आहेतच. अंथरूण आवरणं हे रोजचं उरकायचं काम, तरी मेक द बेड. कुणावर उपकार केले तर मात्र डू अ फेवर. कारण शोधत बसू नका, पाठ करा.

खरी गंमत पुढे आहे. मेक अ मिस्टेक हे जवळजवळ सगळ्यांना पाठ असतं, तरीही लोक बिनधास्त लिहितात ‘द मिस्टेक आय डिड’. कारण तिथे नाम आधी येऊन गेलेलं असतं, मधे अंतर पडतं, आणि डोक्यात ‘मी केलेली चूक’ चालू असतं त्यामुळे हात आपोआप डिड टाइप करतो. म्हणून ईमेल पाठवायच्या आधी फक्त डू, डिड आणि डन शोधा आणि प्रत्येकाचं नाम कुठे आहे ते मागे जाऊन बघा. समजा तुम्ही लिहिलंय, ‘सॉरी फॉर द मिस्टेक आय डिड, द चेंजेस आर डन, आय विल डू अ कॉल टुमॉरो.’ पहिलं होईल ‘द मिस्टेक आय मेड’. दुसरं चुकीचं नाही, काम संपलं एवढंच सांगायचं असेल तर चालतं, पण बदल तुम्ही केलेत हे सांगायचं असेल तर ‘आय हॅव मेड द चेंजेस’. तिसरं ‘आय विल मेक अ कॉल’ करून सुटेल, पण इथला माणूस सरळ ‘आय विल कॉल यू’ लिहील. जोडी आठवत नसेल तेव्हा हा बेस्ट मार्ग, नाम काढून नुसतं क्रियापद वापरायचं.

हेवी आणि स्ट्राँगचं तसंच, आपला ‘जोराचा’ दोन्हीकडे चालतो ना. हेवी म्हणजे प्रमाण जास्त: हेवी रेन, हेवी ट्रॅफिक, खूप सिगारेटी ओढणारा हेवी स्मोकर. स्ट्राँग म्हणजे ताकद किंवा तीव्रता: स्ट्राँग विंड, स्ट्राँग टी, स्ट्राँग स्मेल. स्ट्राँग रेन म्हटलंत तर समजेल सगळ्यांना, फक्त कानाला खटकेल. उलट शब्द लावून बघायची युक्ती काही जण सांगतात, लाइट रेन म्हणून हेवी रेन, वीक टी म्हणून स्ट्राँग टी. पण वाऱ्यापाशी ती फसते, कारण लाइट विंडचं उलट स्ट्राँग विंडच. आणि डॉक्टरकडे जाताना लक्षात असू द्या, तापाला यातलं काहीच लागत नाही, तिथे हाय फीवर.

शंका आली की डिक्शनरीत मेक किंवा हेवी उघडू नका, पानभर अर्थ निघतात. नाम उघडा, मिस्टेक किंवा रेन, उदाहरणांत जोडी सापडते. दोन जोड्यांपैकी कोणती रुळलेली ते बघायचं असेल तर गूगलच्या Ngram Viewer मध्ये अशी एक एक ओळ टाका:

```
strong rain,heavy rain
heavy *_NOUN
```

पहिल्या ओळीने छापील पुस्तकांत कोणती जोडी किती येते याचा ग्राफ दिसतो, दुसरीने हेवीपुढे सगळ्यात जास्त येणारी नामं. मात्र डेटा पुस्तकांचा आहे, बोलण्याचा नाही, त्यामुळे दोन रेषा जवळजवळ असतील तर दोन्ही चालतं समजा. तिथेच ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकं वेगळी निवडता येतात, तेवढं जरूर करा, कारण टेक अ डिसिजन ब्रिटिश लोक आरामात म्हणतात, अमेरिकन माणूस मात्र बहुतेक वेळा मेक अ डिसिजनच म्हणेल.