कोटेशन नंतर, आधी प्रश्न: लिंक्डइनवरून ग्राहकाशी बोलणं कसं सुरू करायचं

मी भोसरी-चाकण पट्ट्यात एअर कॉम्प्रेसर विकतो. गेटवर सिक्युरिटीवाला कार्ड ठेवून घेतो, मेंटेनन्स मॅनेजर काही भेटत नाही. तोच माणूस रात्री लिंक्डइनवर निवांत उत्तर देतो, फक्त विचारायचं काय ते कळायला हवं.

प्रोफाइलपासून सुरुवात करा. नावाखालच्या ओळीत 220 अक्षरं मावतात, पण तुम्ही कुठे कमेंट केलीत की तिचे पहिले काही शब्दच दिसतात. तिथे ‘सीनियर सेल्स एक्झिक्युटिव्ह’ वाचलं की समोरचा सावध होतो. माझी ओळ ‘कारखान्यातली हवेची गळती आणि कॉम्प्रेसरचं वीजबिल’ अशी सुरू होते. कंपनीचं नाव नंतर.

एक उदाहरण सांगतो. चाकणच्या एका मेंटेनन्स मॅनेजरांनी नव्या असेंब्ली लाइनचा फोटो टाकला होता. खाली सगळे ‘अभिनंदन सर’. मी विचारलं, “हवा जुन्याच कॉम्प्रेसरवरून घेतलीत का? शेवटच्या मशीनला प्रेशर किती मिळतं?” त्यांचं उत्तर आलं, “तिथे कमी पडत होतं, म्हणून सेटिंग 7 बारवरून 8 केलं.”

इथे धागा मिळाला. एक बार वाढवला की वीज साधारण 6-7 टक्के जास्त लागते, आणि गळतीही वाढते. मग कनेक्शनचं आमंत्रण पाठवलं, सोबत दोन ओळी त्याच प्रेशरबद्दल. फुकट खात्यावर अशी चिठ्ठी महिन्याला मोजक्याच आमंत्रणांना जोडता येते, म्हणून ती आधी बोलणं झालेल्यांसाठीच राखून ठेवतो.

आमंत्रण स्वीकारल्या स्वीकारल्या ब्रोशर पाठवायचं नाही. नव्यांचं निम्मं काम इथेच बिघडतं: समोरचा मेसेज पाहतो आणि गप्प बसतो. मी त्यांना गळती मोजायची पद्धत लिहून पाठवली. साप्ताहिक सुट्टीला सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवायचा. तो किती वेळ लोडवर राहतो, म्हणजे हवा भरतो, आणि किती वेळ अनलोडवर, म्हणजे नुसता फिरतो, ते घड्याळ लावून मोजायचं. 2 मिनिटं लोड, 6 मिनिटं अनलोड, म्हणजे आठातली दोन: कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 25 टक्के हवा गळतीत. (हे लोड-अनलोडवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचं गणित, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी असेल तर लागू नाही.)

पुढच्या आठवड्यात त्यांनी आकडे पाठवले आणि स्वतःच नंबर मागितला. त्या खेपेला कॉम्प्रेसर विकला गेला नाही. गळती शोधून बुजवायचं काम मिळालं. आमच्या साहेबांना ते किरकोळ वाटलं, मला नाही, कारण त्यानिमित्ताने प्लांटमधली पूर्ण पाइपलाइन फिरून पाहता आली.

उत्तर न आलेली आमंत्रणं साचू देऊ नका, मागे घ्या. फार आमंत्रणं दुर्लक्षित राहिली तर लिंक्डइन नवी पाठवण्यावर बंधन घालतं. मात्र मागे घेतलं की त्याच माणसाला सुमारे तीन आठवडे पुन्हा पाठवता येत नाही.

आणि दहा-बारा कामगारांच्या वर्कशॉपचा मालक इथे शोधत बसू नका. तो व्हॉट्सअॅपवर असतो; त्याच्याकडे थेट शेडवर जायचं, चहाच्या वेळेला.